६१३ पुस्तके गहाळ? दाखल नोंदवहीशी ताळाच लागत नाही

अनघा_ग्रंथ

मी एका शाळा-कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नव्याने रुजू झाले आहे. आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले. चार्ज घेताना कागदोपत्री सह्या झाल्या, पुस्तके मोजून कोणी दिली नाहीत. सुट्टीत देवघेव बंद ठेवून मी आणि शिपाईमामांनी पूर्ण पडताळणी केली.

आकडे असे आहेत. दाखल नोंदवहीत शेवटचा क्रमांक ६,८४२. त्यात शेऱ्याच्या रकान्यात 'निर्लेखित' असे लिहिलेली, म्हणजे रद्द झालेली २११ पुस्तके. म्हणजे हातात ६,६३१ असायला हवीत. कपाटांत ६,०१८ क्रमांक सापडले. फरक ६१३.

याशिवाय ३१ पुस्तके अशी आहेत की त्यांच्यावर दाखल क्रमांकच नाही किंवा वाचता येत नाही. ती वेगळी ठेवली आहेत.

मुख्याध्यापकांनी 'गहाळ पुस्तकांची यादी' मागितली आहे. ६१३ ची यादी दिली की पुढे काय होईल याची धास्ती वाटते. मागची पूर्ण पडताळणी चार वर्षांपूर्वी झाल्याचे फाईलवरून दिसते. यादी द्यायच्या आधी आणखी काय बघायला हवे?

बारकोड

हाताने मोजणी हा वेळेचा अपव्यय आहे. कोहा किंवा ई-ग्रंथालय ही संगणक प्रणाली घ्या, सगळ्या पुस्तकांना बारकोड लावा. पुढच्या वर्षी स्कॅनर घेऊन कपाटावरून फिरायचे, फाईल चढवायची, न सापडलेल्यांची यादी आपोआप निघते. आमच्या महाविद्यालयात हेच करतो. ६१३ वगैरे गोंधळ होतच नाही.

जुनी_नोंदवही

अनघाताई, यादी अजून देऊ नका. आणि तिला 'गहाळ' तर अजिबात म्हणू नका. आत्ता तुमच्याकडे आहे ती 'कपाटात न दिसलेल्या क्रमांकांची' यादी. ६,०१८ मध्ये फक्त कपाटातली पुस्तके दिसतात. विद्यार्थ्यांकडे, शिक्षकांकडे असलेली, बाइंडरकडे गेलेली, वर्गातल्या पेटीतली आणि प्रयोगशाळेतली पुस्तके कुठे धरली आहेत?

पण त्याहीआधी एक काम करा. त्या ६१३ क्रमांकांची नावे वगैरे बघू नका. नुसते क्रमांक चढत्या क्रमाने मांडा आणि त्यांच्याकडे पाहा. सुटे सुटे विखुरलेले आहेत की सलग पट्ट्या आहेत?

मी हे का विचारतो ते सांगतो. वाचकाच्या हातून पुस्तक हरवते तेव्हा ते आज ८१२, उद्या ५,५०३ असे कुठूनही जाते. दाखल क्रमांक हा खरेदीच्या क्रमाने पडतो, कपाटातली जागा विषयाने ठरते. त्यामुळे एका ओळीने तीस-चाळीस क्रमांक 'हरवणे' चोरीने किंवा निष्काळजीपणाने सहसा होत नाही. सलग पट्टी दिसली की समजायचे, एका बिलाची पुस्तके एकत्र कुठेतरी ठेवली आहेत, किंवा एकत्र रद्द झाली आहेत, किंवा नोंदवहीतच काहीतरी झाले आहे. यांतली एकही गोष्ट कपाटात शोधून सापडणार नाही, कागदात सापडेल.

दुसरा प्रश्न, तुम्ही खुणा कशावर केल्या? नोंदवहीवरच टिक केली की वेगळ्या कागदावर?

माधवी_पालक

माझ्या मुलीकडून शाळेच्या ग्रंथालयाचे पुस्तक हरवले. आम्ही पैसे भरायला तयार आहोत, पण शाळा म्हणते तेच पुस्तक आणून द्या. ते बाजारात मिळत नाही. अशा वेळी दाखला अडवता येतो का?

अनघा_ग्रंथ

माधवीताई, इथे वर्षाच्या मोजणीचा विषय चालू आहे, पण तुमचा प्रश्न त्याला जोडूनच आहे. आमच्याकडे बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाची भरपाई रकमेत घेतात. लेखी अर्ज द्या, त्यात पुस्तक उपलब्ध नाही असे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. दाखल्याबद्दल मी काही सांगू शकत नाही.

जुनी_नोंदवही काका, खुणा वेगळ्या कागदावर केल्या. प्रत्येक कागदावर दहा बाय दहाचे शंभर चौकोन, म्हणजे १ ते १००, १०१ ते २०० असे एकूण ६९ कागद. मी पुस्तक उघडून क्रमांक वाचायचे, मामा चौकोनात टिक करायचे.

जुनी_नोंदवही

छान केलेत. नोंदवही टिकांनी भरली की दोन-तीन वर्षांत कोणती खूण कधीची ते कळेनासे होते, आणि कपाटे विषयवार असल्याने दर पुस्तकाला जाड वही उलटत बसावे लागते. तिची बांधणी त्यातच सुटते.

आता ते ६९ कागद जमिनीवर ओळीने पसरा. पट्ट्या डोळ्यांना लगेच दिसतील. एखादा कागद जवळजवळ कोरा आहे का ते आधी बघा.

बारकोड यांचे म्हणणे पुढच्या वर्षासाठी ठीक आहे, पण एक धोका सांगून ठेवतो. संगणकात नोंदी चढवताना सगळी नोंदवही चढली आहे का, हे आधी ताडावे लागते. जी नोंद चढवायची राहिली, ते पुस्तक स्कॅनर कधीच 'गहाळ' म्हणणार नाही, कारण त्याच्या लेखी ते नव्हतेच. अशा रीतीने शे-दोनशे पुस्तके आवाज न करता हिशेबातून निघून जातात.

हिशेब_पक्का

मी एका संस्थेत लेखा विभागात आहे. एवढे घाबरायचे कारण नाही. नियमानुसार हजारामागे पाच पुस्तकांची तूट मान्य असते. तुमची ६,६३१ पुस्तके, म्हणजे ३३ पर्यंत तूट कोणी विचारणार नाही. त्यावरच्या पुस्तकांची किंमत मात्र ग्रंथपालाकडून वसूल होते.

कपाट_क्र_७

हिशेब_पक्का, हजारामागे पाच बरोबर, पण कशाच्या हजारामागे ते चुकले. मी केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या शाळेत ग्रंथपाल आहे. आम्हाला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू आहेत, त्यातला नियम २१५ ग्रंथालयांचा आहे. तो एकूण साठ्याच्या हजारी पाच म्हणत नाही. वर्षभरात दिलेल्या आणि चाळलेल्या पुस्तकांच्या हजारी पाच म्हणतो. दोन्हींत खूप अंतर पडते. अनघाताईंच्या ग्रंथालयात वर्षाला समजा ३,००० वेळा पुस्तके हातात गेली, तर मर्यादा १५ येते, ३३ नाही. उलट ज्या ग्रंथालयात पुस्तके भरपूर फिरतात तिथे ती साठ्याच्या हिशेबापेक्षा जास्तही येईल. कुलूपबंद कपाटातून पुस्तके गेली तर त्याला 'वापरातली तूट' म्हणता येत नाही, हा त्यामागचा विचार मला पटतो.

आणि ती सवलत बिनशर्त नाही. तूट अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. १,००० रुपयांहून जास्त किमतीचे पुस्तक आणि दुर्मिळ पुस्तक, मग त्याची किंमत कितीही असो, हरवले तर चौकशी करावीच लागते. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर पूर्ण पडताळणी दरवर्षी, हेही त्याच नियमात आहे.

'वरच्या पुस्तकांची किंमत ग्रंथपालाकडून' असे सरसकट त्यात कुठेही नाही. आणि हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी. अनुदानित शाळेला तिच्या शिक्षण विभागाचे आणि संस्थेचे नियम बघावे लागतील. पुष्कळ संस्था हाच आकडा आपल्या ठरावात घेतात, पण तसा ठराव तुमच्याकडे आहे का ते आधी पाहा.

हिशेब_पक्का

वापराच्या हजारी हे मला माहीत नव्हते. पण मग शाळांना वापराचा आकडा सिद्ध करावा लागेल. किती शाळांत वाचन कक्षात चाळलेल्या पुस्तकांची नोंद असते? लेखापरीक्षक विचारेल तेव्हा काय दाखवणार?

कपाट_क्र_७

देवघेव नोंदवहीतला आकडा तर निघतोच. चाळलेल्या पुस्तकांसाठी आम्ही वाचकांना सांगतो, वाचून झालेले पुस्तक कपाटात परत ठेवू नका, टेबलावर ठेवा. संध्याकाळी टेबलावरची पुस्तके मोजून रोजच्या वहीत आकडा टाकतो. पुस्तके चुकीच्या कपाटात जाणेही त्याने कमी झाले.

अनघा_ग्रंथ

कागद पसरले. काका म्हणाले तसेच निघाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कपाटाबाहेरची पुस्तके. ट्रेमधली पुस्तककार्डे मोजली, विद्यार्थी आणि शिक्षकांकडे १८७. बाइंडरकडे ३८, पाठवणीची यादी आणि त्याची सही फाईलमध्ये आहे. वर्गपेट्या आणि दोन प्रयोगशाळांत जाऊन स्वतः क्रमांक वाचले, ते ९४. आता फरक २९४ उरला.

मग पट्ट्या. ४,३०१ ते ४,४०० हा कागद एका चौकोनाखेरीज कोरा. त्याच्या आधीच्या कागदाचाही शेवटचा चौकोन कोरा. नोंदवही उघडली तर ४,२९९ वर पान संपते आणि पुढचे पान ४,४०० ने सुरू होते. लिहिणाऱ्याने पान उलटताना ४,३०० ऐवजी ४,४०० लिहिले आणि तिथून पुढे तसेच चालू राहिले. ४,३०० ते ४,३९९ ही शंभर पुस्तके कधी नव्हतीच! दोन्ही पानांवरची बिले आणि तारखा तपासल्या. मधे एकही बिल सुटलेले नाही.

दुसरी पट्टी १,१०० च्या आसपास. सलग नाही पण दाट. ग्रंथालय समितीच्या जुन्या इतिवृत्तांची फाईल काढली, तर त्यात १२० जीर्ण पुस्तके रद्द करण्याचा ठराव सापडला, सोबत यादीही आहे. पण नोंदवहीच्या शेऱ्यात त्याची नोंद कोणी केलेलीच नाही. त्या १२० पैकी ११७ माझ्या न सापडलेल्यांत आहेत. तीन मात्र कपाटात चक्क उभी आहेत.

म्हणजे २९४ मधून १०० आणि ११७ गेले, ७७ उरले. ते सगळे क्रमांक विखुरलेले आहेत.

जुनी_नोंदवही

शाबास! हे ७७ खरे शोधायचे.

त्या शंभर क्रमांकांचे नोंदवहीत आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर तुमच्यानंतर येणाऱ्याला पुन्हा हाच धक्का बसेल. ४,२९९ च्या खाली किंवा ४,४०० च्या शेऱ्यात, 'क्र. ४,३०० ते ४,३९९ नोंद करताना वगळले गेले, या क्रमांकांची पुस्तके खरेदी नाहीत, बिलांवरून खात्री केली' असे लाल शाईने लिहा, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. मधे नव्या नोंदी भरून ती जागा वापरायचा मोह होईल. तसे करू नका, तारखांचा क्रम बिघडतो आणि ते खोटे वाटते.

११७ च्या शेऱ्यात प्रत्येक ओळीला ठराव क्रमांक आणि तारीख. ओळ खोडायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. पुस्तकाची मूळ नोंद शेवटपर्यंत वाचता आली पाहिजे.

आता ७७ साठी. तुमच्याकडची ती क्रमांक नसलेली ३१ पुस्तके आणा. एकेक घेऊन लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत ही ७७ च्या नोंदींशी ताडा. नुसत्या शीर्षकावर जाऊ नका, एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतात. पहिली पाने फाटलेली असली तरी ठरावीक आतल्या पानावर शिक्का आणि क्रमांक असतो. तुमच्या ग्रंथालयात ते पान कोणते हे धडधाकट दहा पुस्तके उघडून बघितलेत की कळेल.

इतिहासाचा_मास्तर

मला एक खटकते. माझ्याकडे विभागाच्या कपाटात चाळीसेक पुस्तके आहेत. दरवर्षी ग्रंथपाल येऊन ती 'परत आणा, दाखवा' म्हणतात. पुस्तके हरवलेली नाहीत, माझ्या नावावर आहेत, मी रोज वापरतो. कार्डावर सही आहे ना? मग उचलून नेऊन दाखवायची काय गरज?

कपाट_क्र_७

सर, कार्डावरची सही एवढेच सांगते की पुस्तक त्या दिवशी तुमच्याकडे गेले. आज ते आहे का, हे नाही सांगत. तुम्ही ते एखाद्या विद्यार्थ्याला वाचायला दिले असेल आणि तो उत्तीर्ण होऊन गेला असेल. शिक्षकांच्या नावावरची जुनी पुस्तके ही माझ्या अनुभवात सर्वांत मोठी आंधळी जागा आहे, कारण तिथे कोणी विचारायला धजत नाही आणि निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखला अडतो तेव्हा ते सगळे एकदम बाहेर येते.

उचलून आणायची गरज नाही हे मात्र मान्य. आम्ही यादी घेऊन विभागात जातो, कपाटासमोर उभे राहून क्रमांक वाचतो, तिथेच सही घेतो. पुस्तके जागची हलत नाहीत.

इतिहासाचा_मास्तर

तसे करत असाल तर हरकत नाही. आमच्याकडे हातगाडी लावून न्यायला सांगतात.

बारकोड

जुनी_नोंदवही यांचा नोंदी चढवायच्या राहण्याचा मुद्दा वाचून मी आमच्याकडे तपासले. नोंदवहीच्या शेवटच्या क्रमांकापेक्षा संगणकातल्या नोंदी बऱ्याच कमी निघाल्या. सगळी रद्द झालेली नसावीत. आता बसून काढावे लागेल.

अनघाताई, ताडण्यासाठी स्प्रेडशीट वापरा. एका पानावर नोंदवहीचे सगळे क्रमांक, Found नावाच्या दुसऱ्या पानावर सापडलेले. पहिल्या पानावर शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=COUNTIF(Found!A:A,A2)
```

० आले तर सापडले नाही, १ आले तर ठीक. २ आले तर तोच क्रमांक दोनदा आला आहे. ० पेक्षा २ वाले आधी बघा.

जुनी_नोंदवही

२ वाले आधी बघा, हे अगदी बरोबर. दोनदा आलेल्या क्रमांकामागे बहुतेक वेळा एक 'न सापडलेले' दडलेले असते. ४,७१३ दोनदा आणि ४,७३१ गायब, म्हणजे आकड्यांची अदलाबदल. हाताने टिक करताना दुसरी टिक आधीच्या टिकेवर पडते आणि कळतही नाही. म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या क्रमांकाला टिक नव्हे, गोल करायचा.

वाचताना आणखी एक पथ्य. 'चार हजार सातशे त्रेसष्ट' असे वाचायचे नाही. मोठ्या खोलीत त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी ऐकणाऱ्याला सारखेच वाटतात. 'चार, सात, सहा, तीन' असे सुटे आकडे सांगायचे आणि लिहिणाऱ्याने ते परत म्हणायचे. क्रमांक आतल्या पानावरचा वाचायचा, पाठीवरच्या चिठ्ठीवरचा नाही. चिठ्ठ्या गळतात आणि कोणीतरी दुसऱ्याच पुस्तकाला चिकटवतो. बारकोडलाही हे लागू आहे, स्कॅनर चिठ्ठी वाचतो, पुस्तक नाही.

अनघा_ग्रंथ

३१ पैकी २२ पुस्तके ७७ मधल्या नोंदींशी जुळली. पृष्ठसंख्या आणि किमतीवरून खात्री झाली, काहींत आतल्या पानावर फिकट क्रमांकही दिसला. उरलेली ९ नोंदवहीत कुठेच नाहीत. बहुतेक प्रकाशकांनी शिक्षकांना दिलेल्या नमुना प्रती आणि भेट पुस्तके असावीत.

दोनदा आलेले क्रमांक आणि चुकीच्या कपाटातली पुस्तके शोधून आणखी ७ मिळाली. एक तर मोठ्या आकाराच्या नकाशासंग्रहाच्या आत पातळ पुस्तिका अडकली होती.

७७ मधून २९ गेले. आता ४८.

या ४८ मध्ये १,००० रुपयांवरची दोन आहेत, एक शब्दकोश आणि एक विज्ञानाचा संदर्भग्रंथ. बाकी बहुतेक स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि कादंबऱ्या.

आता खराब पुस्तकांचा प्रश्न. साधारण दोनशे पुस्तके मी बाजूला काढली आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, गहाळ आणि खराब एकाच यादीत घालून एकाच ठरावात रद्द करू.

रेणुका_बांधणी

एकाच यादीत घालू नका! गहाळ पुस्तक तुमच्या समोर नाही, खराब पुस्तक समोर आहे. ते समितीला दाखवता येते, त्याची रद्दी विकली तर पैसे जमा होतात, पावती होते. गहाळच्या यादीत खराब मिसळले की पुढे कोणी विचारेल, दोनशे पुस्तकांची रद्दी कुठे गेली, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. त्या तीन पुस्तकांचे असेच झाले असावे. रद्द करण्याच्या यादीत नाव गेले, पण प्रत्यक्ष ती कोणी बाहेर काढलीच नाहीत.

मी ग्रंथालयात काम करत नाही, ग्रंथालयांची बांधणी करते. दोनशेमधली किती खरोखर गेलेली आहेत ते हातात घेऊन ठरवा. पुठ्ठा सुटलेले पुस्तक दिसायला भयंकर दिसते पण ते सर्वांत सोपे काम आहे. उलट वरून ठाकठीक दिसणाऱ्या पुस्तकातला सोळा पानांचा एक जुडगा निसटून गेलेला असतो. पाठ हातात धरून अंगठ्याने पाने सोडा, मधेच पान सटकन पुढे गेले की थांबून पृष्ठक्रमांक वाचा. जुडग्याच्या मधल्या घडीत सुटा दोरा लोंबत असेल तर शेजारचा जुडगा गेला असण्याची शक्यता मोठी. अशा पुस्तकावर बांधणीचा खर्च करू नका. आमच्याकडे पाने हरवलेली पुस्तके येतात, आम्ही बांधून देतो, आणि मग ग्रंथालय पुन्हा कपाटात लावते. वाचक मधेच अडकतो.

कागद कोपऱ्यात एकदा दुमडून परत सरळ करा. तुटून हातात आला तर ते पुस्तक शिवण धरणार नाही, सुईच्या भोकांवरूनच फाटेल. ते फक्त सांभाळून ठेवायचे किंवा रद्द करायचे.

आणि कसर. कपाटात पुस्तकाखाली बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर ती झटकून टाका, पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वेगळे ठेवा. काही आठवड्यांनी पिशवीत नवी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. नुसती भोके जुनी असू शकतात, भोकांवरून पुस्तक रद्द करू नका. बांधणीला पाठवताना मात्र सांगा, नाहीतर माझ्या दुकानातल्या दुसऱ्या शाळेच्या पुस्तकांना लागते.

अनघा_ग्रंथ

रेणुकाताई, हे फार उपयोगी आहे. मी नुसत्या पुठ्ठ्यावरूनच ढीग केले होते.

हिशेब_पक्का

हरवलेल्या पुस्तकाच्या बदल्यात विद्यार्थ्याने नवी प्रत आणून दिली तर तिला जुनाच दाखल क्रमांक द्यावा. साठ्याचा आकडा बदलत नाही, हिशेब सोपा राहतो.

कपाट_क्र_७

आमच्याकडे नवा क्रमांक देतात. जुन्या नोंदीत किंमत, आवृत्ती, पृष्ठसंख्या, बिल क्रमांक सगळे जुन्या प्रतीचे असते. त्याच क्रमांकाने नवी प्रत लावली की उद्या ताडताना एकही रकाना जुळत नाही. अनघाताईंनी २२ पुस्तके ओळखली ती पृष्ठसंख्या आणि किमतीवरूनच ना? जुन्या ओळीच्या शेऱ्यात 'हरवले, बदली प्रत दाखल क्र. अमुक', आणि नव्या ओळीत पुरवठादाराच्या रकान्यात 'क्र. अमुकच्या बदली' लिहायचे.

जुनी_नोंदवही

मी तीस वर्षांहून जास्त काळ जुनाच क्रमांक देत आलो. तीच आवृत्ती, तीच किंमत असेल तर मला अजूनही त्यात वावगे वाटत नाही. आवृत्ती वेगळी असेल तर नवा. पण तुमची संस्था जे ठरवेल ते सगळ्या पुस्तकांना सारखे लावा, अर्धी अशी अर्धी तशी नको.

अनघा_ग्रंथ

आता शेवटचे. ४८ ची यादी लगेच निर्लेखनाला ठेवू का? आणि ही तूट चार वर्षांची आहे. हजारी पाचचा हिशेब एका वर्षाच्या वापरावर धरायचा की चारही वर्षांच्या? आमची देवघेव वर्षाला ३,००० च्या आसपास आहे. एका वर्षाने १५, चार वर्षांनी ६०. एकात मी बाहेर, दुसऱ्यात आत.

जुनी_नोंदवही

लगेच रद्द करू नका. 'या पडताळणीत न सापडलेली' अशी यादी मुख्याध्यापकांना द्या, प्रत काचफलकावर लावा, शिक्षकांना फिरवा. शाळा सुरू झाली की काही आपोआप परत येतात, लोक गुपचूप टेबलावर ठेवून जातात. पुढच्या वर्षीही न सापडलेली समितीपुढे न्या. मी दोन पडताळण्या थांबायचो, काही जण तीन थांबतात. शब्दकोश आणि संदर्भग्रंथ मात्र आत्ताच वेगळ्या पत्राने कळवा, त्यांची चौकशी तुम्ही नाही, संस्थेने करायची आहे.

चार्जचेही आत्ताच लिहून द्या. 'चार्ज घेताना प्रत्यक्ष पडताळणी झालेली नव्हती, मी केलेल्या पहिल्या पडताळणीचा ताळेबंद सोबत जोडला आहे.' ६१३ पासून ४८ पर्यंतचा प्रत्येक टप्पा त्यात दाखवा. पत्राची पोच घ्या.

कपाट_क्र_७

एक वर्ष की चार वर्षे, यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. नियमाचे शब्द 'वर्षभरात' असे आहेत, आणि तो पडताळणी दरवर्षी होते असे धरून लिहिला आहे. मधली वर्षे पडताळणीच झाली नाही तर ती तूट कोणत्या वर्षाची हे कोणी सांगू शकत नाही. मी असते तर दोन्ही आकडे लिहिले असते आणि निर्णय समितीवर सोडला असता.

हिशेब_पक्का

लेखापरीक्षक म्हणून बसलो तर मी एकाच वर्षाचा धरीन. तीन वर्षे पडताळणी केली नाही याचा फायदा संस्थेला का द्यायचा?

रेणुका_बांधणी

पण तो भुर्दंड नव्या ग्रंथपालावर का?

अनघा_ग्रंथ

दोन्ही आकडे लिहिते. रद्द झालेली पण कपाटात असलेली ती तीन पुस्तके चांगल्या स्थितीत आहेत, विद्यार्थी नेतातही. त्यांना नवा क्रमांक द्यायचा की ठराव दुरुस्त करून घ्यायचा? आणि नोंद नसलेली ९?

कपाट_क्र_७

नऊंना 'भेट' म्हणून आजच्या तारखेने नवे क्रमांक द्या. किंमत पुस्तकावर छापलेली असेल ती लिहा, पण खर्चात धरू नका. नमुना प्रतींवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असतो, तो आहे का बघा. काही ठिकाणी त्या दाखल करत नाहीत, वेगळ्या यादीत ठेवतात.

तीन पुस्तकांसाठी ठराव दुरुस्त करून घ्यावा, असे मला वाटते. ती कधी गेलीच नव्हती.

जुनी_नोंदवही

जुनी समिती आता नाही, तिचा ठराव नवी समिती दुरुस्त करील की नाही कोण जाणे. तोवर त्या तिन्ही पुस्तकांच्या शेऱ्यात 'निर्लेखन यादीत नाव, प्रत्यक्षात कपाटात आढळले' आणि आजची तारीख एवढे लिहून ठेवा. मामांना सांगा, ती तीन पुस्तके चुकूनही रद्दीच्या ढिगात जाऊ देऊ नका.